पन्नासपर्यंत गेलं, रंग नाही आला

प्रॅक्टिकलच्या परीक्षेआधी जर्नलांचा गठ्ठा टेबलावर येतो. ज्यांनी बारावी सायन्स केलंय त्यांना वेगळं सांगायला नको. तपकिरी कव्हर, पहिल्या पानावर सर्टिफिकेट, उजव्या बाजूला ओळींवर लेखन, डाव्या कोऱ्या पानावर आकृती आणि तक्ता. शिक्षकाने तारीख टाकून सही करायची. साठ-सत्तर जर्नलं दोन संध्याकाळींत उरकायची, म्हणजे प्रत्येक पानाला किती सेकंद मिळत असतील याचा हिशोब तुम्हीच करा.

मी वरवट बकालला राहतो आणि जवळच्याच एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. यंदा त्या गठ्ठ्यात एक जर्नल असं निघालं की माझं काम तिथंच थांबलं. प्रयोग साधा होता, पाण्याच्या नमुन्यातलं क्लोराइड मोजायचा. पान मात्र भयंकर होतं. एक अख्खी ओळ आडव्या रेघेने खोडलेली. समासात तिरक्या अक्षरात काहीतरी लिहिलेलं. आकडे दोन वेगवेगळ्या पेनांनी. आणि मधोमध बोटाएवढा काळपट तपकिरी डाग.

त्याच्याच खाली, त्याच बॅचमधल्या मुलाचं जर्नल होतं. मुलगा वर्गात पहिला येणारा. अक्षर मोत्यासारखं, रेघा पट्टीने मारलेल्या, एक खाडाखोड नाही. तीन रिडिंग, तिन्ही १०.० मिलिलिटर. उत्तर : लिटरमागे १४१.८ मिलिग्रॅम क्लोराइड.

मुलीच्या पानावरचं उत्तर होतं ८७६.

आमच्याकडे चौघांत एक ब्युरेट असतो. हे दोघं एकाच बॅचमध्ये होते. म्हणजे ब्युरेट तोच, सिल्व्हर नायट्रेटची बाटली तीच, पाण्याचा नमुनाही तोच. तरी एका पानावरचं पाणी बिनघोर पिण्याजोगं आणि दुसऱ्या पानावरचं तोंडात धरवणार नाही असं. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यात क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २५० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर १००० पर्यंत चालवून घ्यायची मुभा आहे. या दोन आकड्यांच्या मधली जागा म्हणजे आमचा खारपाणपट्टा. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून जाणाऱ्या पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखालचं पाणी खारं आहे. सातपुड्याच्या पायथ्याला गोडं लागतं आणि पूर्णेकडे सरकावं तसं बिघडत जातं. आमच्या मुलांना हे शिकवावं लागत नाही. नळाला पाणी येत नाही त्या दिवशी घरचा चहा कसा लागतो ते त्यांना माहीत असतं. नमुना त्या मुलीनेच आणला होता, तिच्या शेतातल्या विहिरीचा.

म्हणून आधी तिचंच पान वाचू. जर्नलातली नोंद तपासताना मी तीन गोष्टी बघतो. जे घडलं ते घडलं तेव्हाच लिहिलंय का. मोजलेलं सगळं आहे का, की फक्त आवडलेलं ठेवलंय. आणि जे दिसलं ते दुसऱ्याला समजेल असं लिहिलंय का. हे तिन्ही मी वर्षानुवर्षं फळ्यावर सांगत आलोय. प्रत्यक्षात मार्क मात्र अक्षराला देत आलोय, हे या पानापुढे बसल्यावर कबूल करावं लागलं.

प्रयोग असा असतो. पाण्याच्या नमुन्यात थोडं पोटॅशियम क्रोमेट टाकायचं, की पाणी पिवळं होतं. वरून ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट थेंब थेंब सोडायचं. चांदी आधी क्लोराइडशी जुळते आणि पांढरा साका पडतो. सगळं क्लोराइड संपलं की मगच तिला क्रोमेट सापडतं आणि विटकरी रंग धरू लागतो. ती पहिली छटा, जी हलवल्यावरही जात नाही, तिथे थांबायचं आणि ब्युरेट वाचायचा. जितकं सिल्व्हर नायट्रेट लागलं तितकं क्लोराइड होतं.

तिच्या तक्त्यातली पहिली ओळ, जी खोडली होती, ती अशी. नमुना ५० मिलिलिटर. ब्युरेटचं सुरुवातीचं रिडिंग ०.०, शेवटचं ५०.०. समासात शब्द : ‘पन्नासपर्यंत गेलं, रंग नाही आला.’

मग खालच्या ओळी. या वेळी नमुना १० मिलिलिटर, त्यात ४० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर. ०.० पासून १२.९ पर्यंत. शेजारी लिहिलंय : ‘गडद विटकरी, जास्त गेलं.’ पुढची ओळ १२.९ ते २५.५, म्हणजे १२.६. ‘लालसर पिवळं, हलवलं तरी राहिलं.’ त्याच्या पुढची २५.५ ते ३८.२, म्हणजे १२.७. ‘तसंच.’ शेवटी ‘ब्लँक ०.३’. ब्लँक म्हणजे नमुन्याऐवजी नुसतं डिस्टिल्ड वॉटर घेऊन तोच प्रयोग करणं. रंग डोळ्याला दिसायलाच थोडं सिल्व्हर नायट्रेट खर्ची पडतं, ते वजा करावं लागतं. शेवटच्या दोन रिडिंगांची सरासरी १२.६५, वजा ०.३, उरले १२.३५. आमचं सिल्व्हर नायट्रेट ०.०२ नॉर्मल असतं आणि नमुना १० मिलिलिटर, म्हणून ७०.९ ने गुणायचं. ८७५.६. तिने ८७६ लिहिलं.

मी तिला बोलावलं. तिने वही बघितली आणि मी काही म्हणायच्या आत बोलली, “सर, थे पह्यलं चुकलं. पान फाडून फेअर करून आणू काय?”

“चुकलं असं कोणी सांगितलं तुला?”

“तुमीच तर रागावले होते सर. पन्नास एमएल वाया घालवलं म्हणून.”

रागावलो होतो खरा. सिल्व्हर नायट्रेट महाग येतं. एका बॅचला शंभर मिलिलिटर मोजून देतो, वर एक थेंब नाही. त्यातलं निम्मं एका फसलेल्या खेपेत गेलेलं बघून मी बोललो होतो. आणि माझ्या त्या एका वाक्यामुळे तिने ओळ खोडली होती. नशीब एवढंच की खोडताना एकच रेघ मारली, खालचा आकडा वाचता येत होता.

कारण ती ओळ चुकलेली नाहीच. ती ओळ म्हणते की ५० मिलिलिटर पाण्याला ५० मिलिलिटर सिल्व्हर नायट्रेट पुरलं नाही. याचं गणित कोणीही करू शकतं. म्हणजे क्लोराइड लिटरमागे किमान सातशेच्या वर आहे. नेमकं किती ते ती ओळ सांगत नाही, पण १४१.८ नाही एवढं नक्की सांगते. शिवाय खालच्या १२.६ आणि १२.७ ला ती स्वतंत्रपणे दुजोरा देते. उद्या कोणी म्हणालं की दहा मिलिलिटर घेताना पिपेट चुकला असेल, तर उत्तर त्या खोडलेल्या ओळीत आहे. आपण ज्याला फसलेली खेप म्हणतो ती बऱ्याचदा अशी सीमारेषा आखून देते. ‘फेअर’ करताना सगळ्यात आधी तीच जाते.

आता दुसरी ओळ, १२.९ ची. हीसुद्धा तिने सरासरीत धरली नाही. मग हे निवडून घेणं झालं नाही का? मला वाटतं, प्रश्न इथे खरा अवघड होतो. पहिलं रिडिंग सोडून देणं हा सगळ्यांचा रिवाज आहे. त्याला आपण पायलट रिडिंग म्हणतो. पण सोडून द्यायची कारणं दोन असू शकतात. एक म्हणजे रंग गडद झाला, याचा अर्थ थेंब जास्त पडले, म्हणून हे रिडिंग भरवशाचं नाही. दुसरं म्हणजे पुढची दोन १२.६ आणि १२.७ आली आणि हे त्यांत बसत नाही, म्हणून नको. कृती एकच, पण पहिल्यात डोळ्यांनी बघून ठरवलंय आणि दुसऱ्यात उत्तर बघून. तक्त्यात दोन्ही सारखीच दिसतात. फरक कळतो तो फक्त शेजारच्या शेऱ्यावरून, आणि तो शेरा केव्हा लिहिला यावरून. तिचा ‘गडद विटकरी, जास्त गेलं’ हा शेरा त्याच निळ्या पेनाने आहे ज्याने ती ओळ लिहिलीय. पेन बदललंय ते त्याच्या खालच्या ओळीपासून. म्हणजे शेरा लिहिला तेव्हा पुढचे आकडे जन्माला आलेच नव्हते. वेळेवर लिहिण्याचा अर्थ मला इतक्या स्पष्टपणे पूर्वी कधी दिसला नव्हता. उत्तर माहीत नसताना दिलेला निकाल आणि माहीत झाल्यावर दिलेला निकाल, यांच्यात सरळ माणूसही फरक करू शकत नाही, त्याने आधी लिहून ठेवलं नसेल तर.

‘सरळ माणूसही’ म्हणतोय ते अनुभवावरून. एमएस्सीला असताना एस्टरच्या जलविघटनाचा वेग मोजायचा प्रयोग होता. दर दहा मिनिटांनी मिश्रणातून थोडं काढायचं, बर्फात टाकायचं आणि टायट्रेट करायचं. मी तिसाव्या मिनिटाला चहाला गेलो होतो. परत आलो तेव्हा छत्तीस मिनिटं झाली होती. मी चाळिसाव्याचं रिडिंग घेतलं आणि रात्री वीस आणि चाळीसच्या मधून तिसावं काढून लिहिलं. आलेख काढला. सगळे बिंदू रेषेच्या आजूबाजूला थोडे इकडेतिकडे होते, एकच बिंदू अगदी रेषेवर होता. तो माझा. आलेख बघून शाबासकी मिळाली. मी खोटं बोलतोय असं तेव्हा मला वाटलंच नाही. उत्तर त्याने बदललं नव्हतं, कोणाचं नुकसान नव्हतं. पण तो बिंदू काही मोजत नव्हता. तो फक्त माझ्या बाकीच्या बिंदूंना हो म्हणत होता.

तर आता त्या स्वच्छ पानाकडे येतो. ०.० ते १०.०, ०.० ते १०.०, ०.० ते १०.०. जर्नलच्या भाषेत सी.बी.आर., म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रिडिंग, दहा. दोन रिडिंग जुळली पाहिजेत हा नियम आपल्याकडे एवढा घोटवलेला असतो की मुलांना वाटतं, न जुळणं हा गुन्हा आहे. आमच्या ब्युरेटवर ०.१ च्या खुणा आहेत. थेंबाचा आकार, डोळ्याची पातळी, रंग कुठे ‘आला’ म्हणायचा, हे सगळं धरून ०.१ चा फरक पडणं अगदी स्वाभाविक. तीन वेळा तंतोतंत तेच, आणि तेही पूर्णांकात, असं होऊ शकतं पण क्वचित. त्याहून मोठी खूण सुरुवातीच्या आकड्यात आहे. मुलीच्या तक्त्यात एका ओळीचा शेवट पुढच्या ओळीची सुरुवात आहे : १२.९, मग १२.९ पासून. २५.५, मग २५.५ पासून. ब्युरेट पुन्हा भरला नाही, उरलेल्यातच पुढची खेप केली. प्रयोगशाळेत असंच करतात, कारण सिल्व्हर नायट्रेट मोजून मिळतं. दर वेळी शून्यापर्यंत भरून घ्यायची चैन आमच्याकडे परवडत नाही. शून्यापासून सुरू होणाऱ्या तीन ओळी बहुतेक वेळा प्रयोगशाळेत नाही, घरी लिहिलेल्या असतात.

आणि तो डाग. सिल्व्हर नायट्रेट सांडलं तर आधी दिसत नाही, उजेड लागला की तपकिरी होतं, मग काळं. बोटावर पडलं तर आठवडाभर जात नाही. मुलीची वही टेबलावर, ब्युरेटच्या शेजारी, उघडी होती एवढं तो डाग सांगत होता. अर्थात डाग हा पुरावा नव्हे. उद्या मी डागाला मार्क देतो असं कळलं तर सगळ्या वह्यांवर डाग पडतील. घाणेरडं पान प्रामाणिकच असतं असंही नाही. गचाळपणे केलेल्या बनावट नोंदी मी भरपूर पाहिल्यात.

तिच्या पानातही दोष आहेत, आणि ते मला तिला सांगावे लागले. नमुना कधी घेतला, तर ‘सकाळी’. कोणत्या दिवशीच्या सकाळी? विहिरीचं पाणी पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्यात एकसारखं नसतं. तारखेशिवाय ८७६ हा आकडा कोणत्याच ऋतूचा नाही. ‘ब्लँक ०.३’ लिहिलंय, पण कुठून कुठपर्यंत ते नाही. ०.३ हे वजाबाकीचं उत्तर आहे. मोजलेले आकडे दोन होते, ते गेले. ३८.२ च्या पुढे त्याच ब्युरेटमध्ये केलं असेल तर ३८.२ ते ३८.५ असं असायला हवं होतं. एवढं लिहिलं असतं तर कोणालाही पडताळता आलं असतं. निरीक्षणात एक वाक्य होतं : ‘पाणी लय खारं आहे.’ ते निरीक्षण नाही. ते तिला घरून माहीत होतं. फ्लास्कमध्ये जे दिसतं ते पिवळं, पांढरा साका, लालसर छटा. खारं हा निष्कर्ष आहे, तो खाली जावा.

आणि सगळ्यात मोठा दोष तिचा नाहीच. बाटलीवर ‘०.०२ नॉर्मल’ लिहिलं होतं, तिने ते तसंच उतरवलं. ते द्रावण कधी बनवलं, मिठाच्या प्रमाणित द्रावणाशी ताडून कधी बघितलं, हे बाटलीवर नव्हतं. चिठ्ठी माझ्या हस्ताक्षरात. ते मुळात ०.०१९ असेल तर ८७६ चे ८३२ होतात. मर्यादांच्या दृष्टीने फरक पडत नाही, दोन्ही आकडे २५० आणि १००० च्या मध्येच येतात. पण ‘८७६’ मधला शेवटचा ६ लिहायचा हक्क आमच्या बाटलीने तिला दिला नव्हता.

मी ज्याच्या आधारावर हे सगळं मोलाचं मानतो, ती गोष्ट मुंबईतली आहे. कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली सुरू झाली, आणि १८४० च्या दशकापासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी नियमित होऊ लागली. टांगलेला चुंबक किती वळला ते दुर्बिणीतून पट्टीवर डोळ्याने वाचायचं आणि वहीत लिहायचं. एरवी तासाला एकदा, आणि चुंबक अस्वस्थ दिसला तर पंधरा-पंधरा मिनिटांनी, अगदी पाच-पाच मिनिटांनीसुद्धा. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टनला सूर्यावर लखलखाट दिसला. दुसऱ्या दिवशी कुलाब्याच्या वहीत पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आडवा घटक कोसळल्याची नोंद झाली. सुमारे १६०० नॅनोटेस्ला एवढी घसरण, आजच्या एककात. मोठ्या वादळांतही ही घसरण साधारण काही शेची असते.

वाचणाऱ्यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. रोज तेच काम, रोज जवळपास तेच आकडे, आणि एका सकाळी पट्टीवर असा आकडा जो आधी कधी आला नव्हता. उपकरण बिघडलं असं म्हणणं किती सोपं होतं. आजूबाजूच्या तासांशी जुळणारा आकडा लिहिला असता तर कोणी विचारलं नसतं. सूर्यावरच्या त्या लखलखाटाची बातमी तर मुंबईत पोचलीही नव्हती. त्यांनी वाचलं तसं लिहिलं, आणि पुढचं वाचायला लवकर परत आले. २००३ साली त्सुरुतानी, गोन्झालेझ, लखिना आणि ॲलेक्स या शास्त्रज्ञांनी त्या नोंदींवरून निबंध लिहिला. त्यातले लखिना आणि ॲलेक्स हे आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे. १८५९ चं वादळ किती मोठं होतं याच्या चर्चेत आजही कुलाब्याची ती वही मध्यभागी असते.

यात मला सगळ्यात आवडणारी बाब अशी की ती घसरण कशामुळे झाली यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. पृथ्वीभोवतीच्या वलयप्रवाहामुळे, की ध्रुवीय प्रकाशाशी संबंधित प्रवाह एवढे दक्षिणेला उतरले म्हणून, यावर वाद आहेत. पण वाद अर्थाचा आहे, आकड्याचा नाही. ज्यांनी वाचलं त्यांनी स्वतःचा अर्थ आकड्यात मिसळला नाही, म्हणूनच दीडशे वर्षांनी दुसऱ्यांना भांडायला जागा उरली.

(पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकाची मोजणी अलिबागला हलवली. पण एकदम नाही. काही काळ दोन्हीकडे वाचत राहिले, दोन्ही वह्या एकमेकींना जुळवता याव्यात म्हणून. आमच्याकडे ब्युरेट फुटला तर नवा लावतो आणि विसरतो.)

तर मार्क. मी दहापैकी देतो. वेळेवर नोंदीला तीन, कच्च्या आकड्यांना चार, निरीक्षणाला तीन. मुलीला दोन, तीन आणि दोन, एकूण सात दिले. ती थोडी खट्टू झाली. तिला वाटलं होतं, मी इतकं कौतुक केलं म्हणजे दहा. नमुन्याची तारीख आणि ब्लँकचे दोन आकडे, बस एवढ्यासाठी गेले. मी ते सोडले नाहीत, कारण उद्या कोणी तिच्या विहिरीबद्दल हे पान घेऊन कुठे गेलं तर पहिला प्रश्न तारखेचाच येईल. आमच्या तालुक्यात मूत्रपिंडाच्या आजाराची घरं आहेत, लोक पाण्याकडे बोट दाखवतात. एकट्या क्लोराइडच्या आकड्यावरून त्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही, हेही तिला सांगितलं. पण ज्या पानावर तारीख नाही ते तर कशालाच उपयोगी नाही.

मग मुलाला बोलावलं. तो घाबरला नव्हता, उलट गोंधळला होता.

“ब्युरेट कोण वाचत होतं?”

“हीच वाचत होती सर. मी फ्लास्क हलवत होतो. मले लिहाले येळच नाई भेटला.”

“मग दहा कुठून आलं?”

“मागच्या वर्षीच्या जर्नलवरून. पूर्ण होतं थे, सर.” मग जरा थांबून, “तुमची सही हाये न त्याच्यावर.”

त्याने ते जर्नल आणून दाखवलं. तेच १०.०, तेच १४१.८, आणि खाली माझी सही तारखेसकट. त्यानंतर मी कपाट उघडलं. त्याच्याही आधीच्या वर्षीच्या दोन वह्या सापडल्या, त्यांतही १४१.८. कधीतरी एका वर्षी मी प्रात्यक्षिक दाखवायला नळाचं पाणी घेतलं असेल आणि त्याचं ते उत्तर असेल. तेव्हापासून आमच्या परिसरातल्या प्रत्येक विहिरीचं, बोअरचं, हापशाचं पाणी कागदावर गोडं होत राहिलं, आणि मी त्याखाली सही करत राहिलो.

त्या मुलाला शून्य देणं सोपं होतं. मी अर्धा तास तोच विचार करत होतो. त्याने खोटं लिहिलं हे खरं. त्याच्या बॅचने घेतलेला खरा आकडा हाताच्या अंतरावर होता आणि त्याने न घेतलेला आकडा उचलला. पण ज्या आकड्यावर शिक्षकाची सही आहे तो, शेजारच्या मुलीच्या खोडलेल्या पानापेक्षा जास्त खरा, हे त्याला कोणी शिकवलं? एकाच तासात मी तिला सिल्व्हर नायट्रेटवरून बोललो होतो आणि त्याच्या अक्षराला आधीच्या प्रयोगांत पूर्ण मार्क दिले होते. तरीही, माझी चूक त्याच्या पानाला खरं करत नाही. दोष वाटून घेता येतो, रिडिंग वाटून घेता येत नाही.

शेवटी मी त्याला एक रस्ता सांगितला, जो खरं तर सगळ्या प्रयोगशाळांत असतो आणि आम्ही कधी शिकवत नाही. उशिरा लिहिणं गुन्हा नाही. उशिरा लिहून वेळेवर लिहिल्यासारखं दाखवणं हा घोळ आहे. त्याने जुन्या तक्त्यावर एक रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी. शेजारी कारण लिहायचं, आजची तारीख टाकायची, सही करायची. मग नव्या पानावर तिच्या वहीतली चारही रिडिंग उतरवायची, खोडलेल्यासकट, आणि वर लिहायचं की ही रिडिंग बॅचमधल्या अमुकने घेतली, मी फ्लास्क हलवत होतो, तिच्या वहीवरून आज उतरवली. तसं पान आलं तर कच्च्या आकड्यांचे मार्क तिच्याइतकेच. वेळेचे शून्य.

“म्हणजे कॉपी केली असं लिहू?”

“उतरवली असं लिही. कोणाची ते लिही. कधी ते लिही.”

“थे दिसन कसं, सर?” त्याने स्वच्छ पानाकडे बघत विचारलं. त्याला खरंच वाईट वाटत होतं, आणि मला ते समजत होतं. इतकं सुंदर पान रेघ मारून बिघडवायचं म्हणजे.

जुन्या जर्नलांचं काय करायचं हे अजून ठरत नाही. ती मुलं कॉलेज सोडून गेली. सह्या माझ्या आहेत. मी एका कागदावर, आजच्या तारखेने, लिहिलंय की या प्रयोगातली अमुक अमुक वर्षांची रिडिंग नमुन्याची नाहीत असं मला आता वाटतं, आणि का वाटतं. तो कागद कपाटात त्या वह्यांवर ठेवलाय.

परवा सिल्व्हर नायट्रेट नव्याने बनवलं. वाळवलेल्या मिठाच्या द्रावणाशी ताडून बघितलं, ०.०१९६ आलं. बाटलीवर आकडा, तारीख आणि माझी सही असलेली चिठ्ठी लावली. ती मुलगी घरून पुन्हा बाटली भरून घेऊन आली होती. बाटलीला चिकटपट्टी, पट्टीवर पेनाने विहीर, तारीख, सकाळी साडेसहा. तिने ब्युरेट भरला, वरचा बुडबुडा घालवला, डोळा खुणेच्या पातळीला आणला. शून्यावर आणायला ती आणखी ओतू लागली तर मी म्हटलं, असू दे, आहे ते लिही.

तिने वही उघडी ठेवून लिहिलं : सुरुवात ०.४.